नोंदवहीतले कोरे दिवस

तालुक्याच्या गावातल्या एका धर्मादाय दवाखान्याचा औषधसाठा मी सांभाळते. कपाटात पाच वर्षांच्या साठा नोंदवह्या आहेत. एका औषधाला दोन पानं आणि रकाने चारच: तारीख, आवक, खर्च, शिल्लक. या वह्या संगणकावरच्या तक्त्यात आणायचं ठरलं तेव्हा पहिलं पान पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅमचं उघडलं. वहीत शिल्लक ३,१४० गोळ्या. कपाटातल्या मोजल्या, त्या भरल्या २,९६०.

१८० गोळ्यांचा हा फरक कुठून आला ते शोधायला दोन तास लागले. एका आरोग्य शिबिराला दहा-दहा गोळ्यांच्या वीस पट्ट्या दिल्या होत्या आणि खर्चाच्या रकान्यात नुसतेच ‘२०’ लिहिले होते. लिहिणाऱ्याच्या डोक्यात पट्ट्या होत्या आणि रकान्यात गोळ्या. २०० ऐवजी २० वजा झाले, आणि त्यानंतरच्या प्रत्येक ओळीत ती चूक इमानाने पुढे सरकत राहिली.

त्या दिवशी दोन गोष्टी पक्क्या केल्या. जुन्या वहीतली शिल्लक तक्त्यात उतरवायची नाही. एका संध्याकाळी, दवाखाना बंद झाल्यावर, प्रत्येक औषध हाताने मोजायचं आणि तोच आकडा आरंभीची शिल्लक म्हणून टाकायचा. आणि प्रत्येक औषधाचं माप एकच ठेवायचं: गोळी असेल तर गोळी, ओआरएस असेल तर पुडी, सिरप असेल तर बाटली. खोका आणि पट्टी हे शब्द तक्त्यात येऊच द्यायचे नाहीत.

वहीत प्रत्येक औषधाची पानं वेगळी असतात, म्हणून तक्त्यातही एका औषधाला एक पान करावंसं वाटतं. तसं करू नये. सगळ्या औषधांच्या सगळ्या नोंदी एकाच लांबलचक पानावर, घडतील तशा एकाखाली एक टाकाव्यात. आमच्या ‘नोंद’ नावाच्या पानावर A ते H असे आठ रकाने आहेत: तारीख, औषध, बॅच, मुदत, आवक, खर्च, कारण आणि शिल्लक. दर रुग्णामागे ओळ टाकत नाही. संध्याकाळी दिवसभराच्या वाटपाची बेरीज करून एका बॅचची एक ओळ टाकते. चालू शिल्लक H रकान्यातलं हे सूत्र काढतं:

```
=SUMIFS(E$2:E2,B$2:B2,B2)-SUMIFS(F$2:F2,B$2:B2,B2)
```

म्हणजे या ओळीपर्यंत याच औषधाची जेवढी आवक झाली, त्यातून याच औषधाचा खर्च वजा. सूत्र खाली ओढत गेलं की प्रत्येक ओळीसमोर त्या औषधाची त्या वेळची शिल्लक दिसते. सगळा भार मात्र नावावर आहे. एका ओळीत ‘पॅरासिटामॉल’ आणि दुसरीत ‘पॅरासिटामोल’ लिहिलं, किंवा नावामागे एखादी मोकळी जागा राहिली, की तक्त्याच्या लेखी ती दोन निराळी औषधं होतात, आणि तो काही तक्रार करत नाही. ओळखायची खूण एकच: शिल्लक शून्याच्या खाली जाते. कपाटात उणे चाळीस गोळ्या असू शकत नाहीत, तेव्हा असा आकडा दिसला की एक तर नाव चुकलंय किंवा एखादी आवक नोंदवायची राहिलीय. आता नाव टाइप करतच नाही, ठरलेल्या यादीतून निवडते.

खरा घोळ इशाऱ्याचा आकडा ठरवताना झाला. औषध कधी मागवायचं याचं गणित साधं आहे. माल यायला लागणारे दिवस अधिक हाताशी ठेवायचे राखीव दिवस, या बेरजेला रोजच्या खपाने गुणायचं. आमच्याकडे माल यायला वीस दिवस लागतात, आणि राखीव दहा धरतो. रोजच्या खपासाठी गेल्या ९० दिवसांचं पॅरासिटामॉलचं वाटप बघितलं. ते ५,४०० गोळ्या होतं. भागिले ९०, म्हणजे रोज ६०. त्याला तिसाने गुणलं, १,८०० गोळ्यांवर इशारा लावला.

वही पुन्हा चाळताना लक्षात आलं, की त्या ९० दिवसांत मधे १८ दिवस पानावर एकही नोंद नाही. शिल्लक शून्य, आणि पुढची ओळ थेट नव्या आवकेची. त्या १८ दिवसांत गावाला ताप आला नव्हता असं नाही. गोळ्याच नव्हत्या, आणि माणसं बाहेरून विकत घेत होती. खप ७२ दिवसांचा होता. ५,४०० भागिले ७२ म्हणजे रोज ७५, आणि इशाऱ्याची पातळी २,२५०.

आधीच्या हिशोबाने १,८०० वर मागणी गेली असती, तर रोज ७५च्या वेगाने तो साठा २४ दिवस पुरला असता. वीस दिवसांत माल येणार, म्हणजे राखीव दहाऐवजी चारच दिवस हातात. पुरवठा आठवडाभर लांबला की कपाट तीन दिवस पुन्हा रिकामं. ते तीन दिवसही सरासरीत मिसळले, की पुढचा खप आणखी कमी दिसणार आणि मागणी आणखी उशिरा जाणार. जे औषध वारंवार संपतं तेच कागदावर कमी लागणारं दिसायला लागतं. हे कळल्यावर मला फार वाईट वाटलं, कारण वहीच्या भरवशावर अशा मागण्या मीच काढत होते.

म्हणून ‘साठा’ या दुसऱ्या पानावर, जिथे एका औषधाला एकच ओळ आहे, C रकाना कोऱ्या दिवसांचा ठेवला. गेल्या ९० दिवसांत औषध किती दिवस नव्हतं ते दर सोमवारी मोजून तिथे लिहिते. रोजचा खप असा निघतो:

```
=SUMIFS('नोंद'!F:F,'नोंद'!B:B,A2,'नोंद'!G:G,"वाटप",'नोंद'!A:A,">"&TODAY()-90)/(90-C2)
```

यातला "वाटप" हा शब्द महत्त्वाचा. मुदत संपली म्हणून बाजूला काढलेल्या गोळ्याही खर्चातच पडतात. त्या खपात धरल्या तर जे औषध पडून वाया गेलं तेच पुढच्या वेळी जास्त मागवलं जाईल. कारणाचा रकाना एवढ्यासाठीच आहे.

शेवटच्या रकान्यात इशारा आहे. B मध्ये आजची शिल्लक, G मध्ये पातळी, आणि H मध्ये मागवलेली पण अजून न आलेली संख्या:

```
=IF(B2>G2,"",IF(H2>0,"मागवलंय","मागवा"))
```

आधी फक्त "मागवा" दिसत होतं, तेव्हा एकाच औषधाची मागणी दवाखान्यातल्या दोघींनी दोनदा पाठवली. आता "मागवलंय" वीस दिवसांहून जास्त टिकलं, की फोन करते.

मुदतीची तारीख टाकताना पाकिटावर महिना आणि वर्षच असतं. ऑगस्ट छापलं असेल तर ऑगस्टच्या शेवटच्या दिवसापर्यंत औषध चालतं, म्हणून तारीख ३१ टाकते. मुदतीला तीन महिने उरले की ओळ पिवळी होते आणि ती बॅच कपाटात पुढे येते.

जुन्या वह्यांतून टाइप करण्यासारखं एकच निघालं: गेल्या वर्षीचं महिनावार वाटप. मार्च ते मे ओआरएसच्या रोज आठ पुड्या जात होत्या, म्हणून तक्ता २४० वर इशारा देत होता. गेल्या जुलैच्या पानावर ६२० पुड्या आहेत, म्हणजे रोज वीस, आणि पातळी ६००. मागची ९० दिवसांची सरासरी पावसाळा आधी पाहू शकत नाही. त्यामुळे मेच्या पहिल्या आठवड्यात ओआरएसच्या खपाचं सूत्र काढून तिथे हाताने २० लिहिते, शेऱ्यात ‘गेल्या जुलैवरून’ अशी नोंद ठेवते, आणि ऑक्टोबरात सूत्र परत घालते.