पट्टी निळी झाली, म्हणजे नेमकं काय झालं?

सकाळी साडेसहाला दूध संकलन केंद्रावर किटल्यांची रांग लागलेली असते. प्रत्येक किटलीतलं दूध ढवळायचं, थोडं नमुन्याच्या भांड्यात घ्यायचं, फॅट आणि डिग्री बघायची, आकडा पावतीवर उतरवायचा. दर याच दोन आकड्यांवर ठरतो. आता बऱ्याच केंद्रांवर या कामात आणखी एक काम आलं आहे. एक बारीक कागदी किंवा प्लॅस्टिकची पट्टी दुधात बुडवायची आणि तिच्या टोकाचा रंग बदलतो का, ते पाहायचं. पट्टी बुडवणं कोणालाही जमतं. अवघड असतं ते रंग वाचणं, कारण युरिया, डिटर्जंट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड या तिन्हींच्या पट्ट्यांवरचा रंग वेगवेगळी गोष्ट सांगत असतो.

हे तीन पदार्थ दुधात येतात कसे? सुरुवात पाण्यापासून होते. गायीच्या १० लिटर दुधात २ लिटर पाणी घातलं, तर २८ दाखवणारा लॅक्टोमीटर २३च्या आसपास येतो आणि ३.९ फॅट सव्वातीनवर घसरतं. पडलेली डिग्री वर आणायला युरिया घालतात. पडलेलं फॅट भरून काढायला स्वस्त तेल घालतात, आणि ते तेल दुधावर तरंगू नये म्हणून डिटर्जंट. हे सगळं करून दूध उशिरा पोहोचणार असेल, तर ते नासू नये म्हणून हायड्रोजन पेरॉक्साइड. म्हणजे तीन पट्ट्या बहुतेक वेळा एकाच लबाडीच्या तीन टप्प्यांकडे बोट दाखवतात. पण रंग दिसला की लबाडी झालीच, असं मात्र नाही.

युरियाचंच घ्या. युरिया दुधात मुळातच असतो. जनावराने खाल्लेल्या प्रथिनांपासून पोटात अमोनिया तयार होतो, यकृत त्याचा युरिया करतं, तो रक्तात येतो आणि रक्तातून दुधात उतरतो. म्हणूनच कायद्याने ‘युरिया शून्य’ अशी अट घातलेली नाही. १०० मिलिलिटर दुधात ७० मिलिग्रॅमपर्यंत युरिया चालतो. त्यामुळे युरियाच्या पट्टीला विचारायचा प्रश्न ‘आहे का?’ हा नाही. तो ‘किती आहे?’ असा आहे.

या पट्टीच्या टोकाला युरिएज नावाचं विकर आणि आम्ल-अल्कली ओळखणारा रंग असतो. विकर युरियाचं विघटन करून अमोनिया मोकळा करतं, अमोनियामुळे अल्कलीपणा वाढतो आणि पिवळा रंग हिरव्याकडे, मग निळ्याकडे सरकतो. (रंगांची छटा कंपनीप्रमाणे बदलते, म्हणून डबीवरचा तक्ताच प्रमाण मानायचा.) घरगुती पद्धतीतही हेच तत्त्व आहे. ५ मिलिलिटर दुधात अर्धा चमचा सोयाबीन किंवा तुरीची पूड मिसळून पाच मिनिटं ठेवायची आणि लाल लिटमस कागद अर्धा मिनिट बुडवायचा. कागद निळा झाला, तर युरिया मिसळल्याचा संशय घ्यायचा. या डाळींमध्येही युरिएज असतं.

या यंत्रणेतच पट्टीच्या चुकाही दडलेल्या आहेत. पट्टी युरिया थेट पाहत नाही, ती अल्कलीपणा पाहते. दुधात खायचा सोडा पडला असेल किंवा गायीला दगडी, म्हणजे कासदाह झाला असेल, तर दूध आधीच अल्कलीकडे झुकलेलं असतं आणि पट्टी युरिया नसतानाही हिरवट दिसू शकते. उलट आंबू लागलेल्या दुधातलं आम्ल अमोनियाला मारतं आणि भेसळ लपते. शीतटाकीतून काढलेल्या थंडगार दुधात विकर संथ चालतं, म्हणून नमुना आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा लागतो. गोठ्याला लागून असलेल्या खोलीत डबी उघडी राहिली, तर मूत्राच्या वाफेतला अमोनियाच पट्टीला रंग चढवतो.

फिका हिरवा आणि गडद निळा यांतला फरक समजायला थोडा हिशेब करावा लागतो. लिटरमागे १० ग्रॅम युरिया घातला, तर डिग्री साधारण अडीच अंशांनी वाढते. वरच्या उदाहरणातले पाचेक अंश भरून काढायचे, तर लिटरमागे १५ ते २० ग्रॅम युरिया लागेल. म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये १५०० ते २००० मिलिग्रॅम, मर्यादेच्या वीसपटीहून जास्त. पदरात पैसे पडतील इतका युरिया घातला, तर पट्टी फिक्या हिरव्यावर थांबत नाही, गडद होते. रंग मर्यादेच्या जरासा वर रेंगाळत असेल, तर आधी चाऱ्याची चौकशी करावी. सरकी पेंड जास्त, हिरवा लसूणघास भरपूर आणि त्या मानाने ऊर्जा देणारा मका किंवा भरडा कमी, असं खाणं असेल, तर दुधातला नैसर्गिक युरिया वाढतो.

डिटर्जंटच्या पट्टीचा प्रश्न वेगळा आहे. डिटर्जंट दुधात नैसर्गिक नसतो, तेव्हा ‘किती?’ हा प्रश्नच उरत नाही. इथे विचारायचं ‘कुठून आला?’ कपड्यांच्या पावडरीने घासलेली, पण नीट न खंगाळलेली किटली हे त्याचं एक अगदी साधं उगमस्थान आहे. काही पट्ट्या रंगद्रव्याच्या साहाय्याने डिटर्जंटच ओळखतात, काही मात्र फक्त अल्कलीपणा दाखवतात. आपल्या हातातली कोणती, हे माहितीपत्रकात पाहायलाच हवं, कारण दुसऱ्या प्रकाराची पट्टी दगडीच्या दुधालाही रंग दाखवते.

शंका आली, तर दोन गोष्टी करता येतात. ५ ते १० मिलिलिटर दुधात तेवढंच पाणी घालून जोरात हलवायचं. साध्या दुधावरही पातळ फेस येतो, डिटर्जंट असेल तर दाट साय धरावी तसा फेस उभा राहतो. मग किटली रिकामी करून तिच्यात थोडं स्वच्छ पाणी फिरवायचं आणि त्या पाण्यात नवी पट्टी बुडवायची. पाण्यानेही रंग दिला, तर गुन्हेगार किटली आहे. पाणी स्वच्छ आणि दूध मात्र रंग दाखवतंय, तर गोष्ट गंभीर आहे. त्यात फॅट अचानक वाढलेलं असेल, तर तेल आणि डिटर्जंट जोडीने आल्याची शंका आणखी बळावते.

हायड्रोजन पेरॉक्साइडच्या पट्टीला विचारायचं ‘कधी?’ दुधात घातलेला पेरॉक्साइड टिकत नाही. दुधातली विकरं आणि जंतू त्याचं पाणी आणि ऑक्सिजन करतात. संध्याकाळी संकलनाच्या वेळी पट्टी निळी करणारं दूध सकाळी टँकरमध्ये पूर्ण निर्दोष दिसू शकतं. तेव्हा ही चाचणी दूध स्वीकारतानाच व्हायला हवी. उशिराने निघालेला ‘नाही’ हा निकाल काहीच सिद्ध करत नाही.

या पट्टीवरचा रंग काही सेकंदांत उमटतो आणि तेव्हाच वाचायचा असतो. पट्टी टेबलावर तशीच ठेवून दहा मिनिटांनी पाहिली, तर हवेनेही तिच्यावर रंग चढतो, त्याला अर्थ नसतो. आणखी एक फसवी बाजू आहे. पेरॉक्साइड अतिच असेल, तर रंग उडून पट्टी तपकिरी किंवा फिकी पडते. विचित्र रंग दिसला, तर त्याच दुधात दहापट स्वच्छ पाणी मिसळून नव्या पट्टीने पुन्हा पाहावं. अर्थात, पेरॉक्साइड असलेलं जंतुनाशक वापरून नळ्या धुतल्या असतील, तर इथेही धुण्याचं पाणी तपासावं लागतं.

आता एक प्रसंग धरून चालू. सकाळच्या पाळीत एका उत्पादकाच्या दुधाने युरियाची पट्टी हिरवी केली, तक्त्यावरच्या मर्यादेच्या एक पायरी वर. टेस्टरने लगेच ओरडायचं नाही. त्याने नवी पट्टी घ्यावी, रंगीत टोकाला बोट न लावता तोच नमुना ढवळून पुन्हा तपासावा, वेळ घड्याळावर मोजावी आणि रंग दिव्याखाली न पाहता उजेडात पाहावा. शेजारी दोन नमुने ठेवावेत. एक, खात्रीच्या घरचं चांगलं दूध. दुसरं, त्याच दुधात लिटरमागे १ ग्रॅम युरिया घालून केलेलं. पहिल्याने रंग दिला किंवा दुसऱ्याने दिला नाही, तर डबीच बिघडली आहे; ओल लागली असेल किंवा मुदत संपली असेल.

डबी ठीक निघाली, रंग पुन्हा तोच आला, तर ते दूध मोठ्या कॅनमध्ये ओतायचं नाही, बाजूला ठेवायचं. एकदा ते २०० लिटरमध्ये मिसळलं की १० लिटरची भेसळ वीसपट पातळ होते आणि पुढची पट्टी तिला ओळखत नाही. मग फॅट आणि डिग्री बघायची. डिग्री २८-२९, फॅट नेहमीसारखंच, तर पाण्याची खूण नाही. डिग्री नेहमीसारखी, पण फॅट एकाएकी उतरलेलं, तर ‘पाणी घालून युरियाने सावरलं’ ही शक्यता उभी राहते. शेवटचा निवाडा गोठ्यात होतो. संध्याकाळी उत्पादकासमोर धार काढून तोच नमुना तपासायचा. तिथेही हिरवंच आलं, तर दोष चाऱ्याचा. तिथे पिवळं आणि केंद्रावर मात्र हिरवं, तर दूध गोठा आणि केंद्र यांच्यामध्ये बदललं.

इतकी दमछाक कशासाठी? अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातल्या शहरांतून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. आरोग्याला धोका होईल अशी भेसळ त्यांतल्या १२ नमुन्यांत सापडली : ६ मध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड, ३ मध्ये डिटर्जंट, २ मध्ये युरिया आणि एकात आम्लता मारणारा पदार्थ. एखाद्या केंद्रावर हजार नमुन्यांपैकी दोनच खरे भेसळीचे असतील आणि पट्टी शंभरांत दोनदा चुकत असेल, तर रंग बदललेल्या बावीसेक नमुन्यांपैकी वीस निर्दोष माणसांचे असतील. पहिल्या रंगावर एखाद्याचं दूध ओतून दिलं, तर बहुधा चुकीच्या माणसाची पहाटेची मेहनत गटारात जाईल.

कायदाही पट्टीला पुरावा मानत नाही. अन्न सुरक्षा अधिकारी रीतसर नमुना घेतो, त्याचे चार भाग करून सील करतो, एक अन्न विश्लेषकाकडे जातो आणि तिथल्या प्रयोगशाळेचा अहवालच ग्राह्य धरतात. पट्टीचं काम त्याआधीचं आहे : कोणता नमुना पुढे पाठवायचा, ते दाखवणं. म्हणून केंद्राच्या वहीत ‘भेसळ’ असं लिहू नये. तारीख, पाळी, पट्टीचा बॅच नंबर, किती सेकंदांनी कोणता रंग आला आणि दुसऱ्या पट्टीने काय दाखवलं, एवढंच लिहावं.