'रेट काय?' विचारणारे आणि काम देणारे

पिन करायच्या पोस्टबद्दल आज लिहिणार होतो, पण एका वाचक ताईंच्या पत्रानं ते पुढं ढकललं. त्या पुण्यात एकट्यानं इंटिरिअरची कामं करतात. इन्स्टाग्रामवर मेसेज भरपूर येतात, पण सगळे 'स्क्वेअर फुटाचा रेट काय?' एवढंच विचारतात आणि पुढं गप्प होतात.

त्यांच्या बायोत होतं : 'स्वप्नातलं घर साकारू या. सौंदर्य आणि सोय. डीएम करा.' ताई ड्रॉइंग देतात, साइटवर देखरेख करतात. सुतार आणि प्लायवूड मालकाचं. स्क्वेअर फुटाचा रेट विचारणाऱ्या बहुतेकांना मालासकट सगळं हातात हवं असतं, म्हणजे टर्नकी. ताई ते करत नाहीत, आणि बायोत ते कुठंच कळत नाही. मग चुकीचं गिऱ्हाईक येणारच. मी असा बायो सुचवला :

```
२-३ बीएचके फ्लॅट | पुणे, पिंपरी-चिंचवड
डिझाइन, ड्रॉइंग, साइटवर देखरेख
सुतार आणि माल तुमचा
फी, पद्धत : खाली हायलाइटमध्ये
```

बायोला १५० अक्षरांची मर्यादा आहे, त्यात हे आरामात बसतं. तिसरी ओळ लिहायला ताई कचरत होत्या, मेसेज कमी होतील म्हणून. होऊ देत. ज्याला टर्नकी हवं तो तिथंच थांबतो, दोघांचाही वेळ वाचतो.

नावाच्या रकान्यात त्यांनी फक्त स्वतःचं नाव ठेवलं होतं. शोधताना हा रकानाही धरला जातो, म्हणून नावापुढं `Interior Designer Pune` जोडा. शोधणारे बहुधा असंच टाइप करतात. नीट ठरवून बदला, कारण १४ दिवसांत दोनदाच बदलता येतं. 'इंटिरिअर आर्किटेक्ट' मात्र लिहू नका. कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी नसेल तर १९७२च्या कायद्यानं ती उपाधी लावता येत नाही.

आता हायलाइट. ताईंची नावं होती 'माझा प्रवास', 'प्रेरणा' आणि एक नुसतं बदाम. पहिल्यांदा आलेल्या माणसाला यातलं काय उघडावं हे कळत नाही. शिवाय गोलाखाली लांब नाव कापलं जातं, म्हणून एक-दोन छोटे शब्द पुरे : 'फी', 'पद्धत', 'किचन', 'चालू साइट'. 'फी'मध्ये आकडा सांगायचा नसेल तर निदान ती कशावर ठरते, किती टप्प्यांत घेता आणि साइटच्या किती भेटी त्यात धरल्या आहेत, हे लिहा. भेटींचा आकडा नसला की वाद तिथूनच सुरू होतो.

क्रमाची एक खुबी आहे. ज्या हायलाइटमध्ये शेवटची स्टोरी घातली, तो सर्वांत डावीकडं येतो. 'चालू साइट' आणि इतर हायलाइटमध्ये भर पडत राहते, म्हणून 'फी' मागं सरकत जातो आणि हायलाइट जास्त असले तर बोट सरकवल्याशिवाय दिसत नाही. आठवड्याला एखादी छोटी स्टोरी 'फी'मध्ये टाकली की तो पुन्हा पुढं येतो.

पिन करायच्या तीन पोस्टचं पुढच्या आठवड्यात नक्की. तोवर एका पूर्ण झालेल्या फ्लॅटचे कामाआधीचे फोटो आणि त्याचा प्लॅन शोधून ठेवा. सगळं लिखाण त्यावरच बेतायचं आहे.