हार्ड डिस्कवरची फाईल चुकून डिलीट झाली? आधी हात मागे घ्या!



आमचं गाव पाटस. पुणे-सोलापूर हायवेवरचं. आषाढीच्या आधी तुकाराम महाराजांची पालखी आमच्या गावातून पुढे रोटी घाट चढते. माझा चुलतभाऊ फोटोग्राफर आहे आणि पालखीचे फोटो तो दरवर्षी काढतो. एका वर्षी पालखी गेल्यावर चार दिवसांनी रात्री त्याचा फोन आला.

"अरे, पालखीचं फोल्डर उडालं. Shift+Delete दाबलं गेलं. रिसायकल बिनमध्ये पण नाहीये."

मी विचारलं, "दादा, त्यानंतर त्या डिस्कवर काही टाकलंस का?"

"हो, आजच्या साखरपुड्याचे फोटो कॉपी केले. मग लक्षात आलं."

फोल्डरमध्ये साधारण १६०० फोटो होते, एकेक १० एमबीच्या आसपास. म्हणजे १६ जीबी. कॅमेऱ्याचं कार्ड त्याने फॉरमॅट करून पुन्हा वापरलेलं, त्यामुळे दुसरी कॉपी नव्हती. आणि त्या वर्षी आमची आजी शेवटचं पालखीसोबत चालली होती. तिचे फोटो त्यातच होते.

मी त्याला एवढंच सांगितलं, "डिस्क काढ, कपाटात ठेव. मी शनिवारी येतो तोपर्यंत हात लावू नकोस."

डिलीट केल्यावर नक्की काय होतं?

विंडोजच्या हार्ड डिस्कवर बहुतेक वेळा एनटीएफएस ही फाईल सिस्टीम असते. तिच्यात `$MFT` नावाचा एक तक्ता असतो. त्याला गावच्या तलाठ्याची वही समजा. प्रत्येक फाईलची त्यात एक नोंद: नाव काय, साइज किती, डेटा डिस्कवर कुठून कुठपर्यंत आहे. वहीसोबत एक नकाशाही असतो. कुठली जागा भरलेली आणि कुठली मोकळी, हे त्यात कळतं.

तुम्ही फाईल डिलीट करता तेव्हा विंडोज त्या नोंदीवर "ही आता वापरात नाही" अशी खूण करतं आणि नकाशात ती जागा मोकळी दाखवतं. फोटोचा १० एमबी डेटा जागच्या जागी तसाच राहतो. म्हणूनच १६ जीबीचं फोल्डर काही क्षणांत डिलीट होतं, पण कॉपी व्हायला कितीतरी मिनिटं लागतात.

पण आता ती जागा "मोकळी" आहे. पुढची कुठलीही फाईल तिथे येऊन बसू शकते. आणि हार्ड डिस्कवर एकदा जुन्यावर नवं लिहिलं गेलं की जुनं कुठलंच सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही, पैसे भरून घेतलेलं सुद्धा.

अजून एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. डेटाची जागा वाचली तरी वहीतली नोंद जाऊ शकते. नवीन फाईल आली की विंडोज आधी जुन्या रिकाम्या नोंदी वापरतं. म्हणजे अगदी छोट्या फाईल्स टाकल्या तरी तुमच्या फोटोंची नावं आणि पत्ते पुसले जातात.

न कळत होणारं लिखाण

"मी तर काहीच कॉपी केलं नाही" असं आपण म्हणतो, पण विंडोज स्वतः सतत लिहीत असतं. ब्राउझरचा कॅश, अपडेट, पेजफाईल, सगळं सी ड्राइव्हवर. फाईल सी ड्राइव्हवरून गेली असेल तर लॅपटॉप लगेच बंद करा. "फाईल कशी परत आणायची" हे त्याच लॅपटॉपवर शोधू नका, फोनवर शोधा.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे रिकव्हरी सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर डाउनलोड करणं आणि सापडलेल्या फाईल्स तिथेच सेव्ह करणं. आणि विंडोजने "डिस्क स्कॅन करून दुरुस्त करू का?" विचारलं तर नाही म्हणा. ती दुरुस्ती म्हणजे वहीत खाडाखोड.

आम्ही काय केलं

शनिवारी मी लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह आणि एक २ टीबीची रिकामी डिस्क घेऊन गेलो. दादाची डिस्क १ टीबीची. पहिलं काम म्हणजे तिची हुबेहूब कॉपी, म्हणजे इमेज काढणं. मग जे काही प्रयोग करायचे ते इमेजवर. मूळ डिस्क फक्त एकदा वाचायची.

`lsblk` चालवून साइजवरून कुठली डिस्क कुठली ते नीट पाहिलं. इथे अदलाबदल झाली तर सगळंच संपलं. मग मोठ्या डिस्कच्या फोल्डरमध्ये जाऊन:

```
sudo ddrescue -d /dev/sdb disk.img disk.map
testdisk disk.img
photorec disk.img
```

पहिली कमांड इमेज काढते. सेकंदाला १०० एमबी धरले तर १ टीबीला जवळपास तीन तास लागतात. तेवढ्यात जेवण झालं.

दुसरी कमांड टेस्टडिस्क. हे फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात Advanced मध्ये पार्टिशन निवडून Undelete केलं की ते वहीतल्या खोडलेल्या नोंदी वाचतं. म्हणून फाईल्स नावासकट मिळतात. आम्हाला १३६० नावं दिसली. उरलेल्या २४० कुठे गेल्या? साखरपुड्याचे फोटो बरोबर तेवढेच होते. त्यांनी त्या नोंदी घेतल्या होत्या.

तिसरी कमांड फोटोरेक. हे वही बघतच नाही. डिस्कवर सरळ जेपीजीची सुरुवातीची खूण, `FF D8 FF`, शोधत जातं. मोकळी जागाच शोधायला सांगितल्यावर नोंद गेलेल्यांपैकी दीडशे फोटो मिळाले. नावं मात्र गेली. फोटो डिस्कवर तुकड्यातुकड्यात पसरलेला असेल तर या पद्धतीने तो अर्धवटच येतो.

फोटो खरंच परत आला का?

नाव आणि साइज बरोबर दिसली म्हणून खूश होऊ नका. थंबनेलवरही जाऊ नका. जेपीजीत छोटा थंबनेल फाईलच्या सुरुवातीलाच वेगळा साठवलेला असतो. मागचा डेटा गेला तरी तो नीट दिसतो. फोटो पूर्ण उघडून पाहा. खालचा भाग राखाडी किंवा रंगीत पट्ट्यांचा असेल तर तिथे दुसरं काहीतरी लिहिलं गेलंय. नावासकट आलेल्यांपैकी १३० असेच निघाले. म्हणजे १६०० पैकी १३८० चांगले मिळाले आणि २२० गेले.

हे कुठे चालत नाही

एसएसडीवर बहुधा नाही. डिलीट होताच विंडोज एसएसडीला "ही जागा आता नको" असं कळवतं. याला ट्रिम म्हणतात. त्यानंतर एसएसडी ती जागा स्वतःच साफ करून टाकते. फोनच्या आतल्या मेमरीचंही जवळपास तसंच, शिवाय तिथे डेटा एन्क्रिप्ट असतो. तिथे गॅलरीचं ट्रॅश फोल्डर आणि क्लाउड बॅकअप पाहा. आणि हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर घरी काहीच करू नका, तिला वीजही देऊ नका. तो मेकॅनिकल बिघाड आहे, ते लॅबचं काम.

आजीचे सात फोटो होते. सहा नीट आले. सातवा, रोटी घाटाच्या पायथ्याचा, वरून कपाळापर्यंतच आला, खाली सगळं राखाडी. त्याचा थंबनेल तेवढा पूर्ण आहे, नखाएवढा. साखरपुड्याचे फोटो कॉपी करायच्या आधी दादाने फोन केला असता, तर तोही मिळाला असता.