आयपी पत्त्यावरून चोर का सापडत नाही

आयपी पत्ता म्हणजे इंटरनेटच्या जोडणीला मिळालेला क्रमांक. तो फोनला चिकटलेला नसतो, माणसाला तर नाहीच. खरेदीचे ॲप उघडले की पलीकडच्या सर्व्हरला हा पत्ता आपोआप कळतो, कारण उत्तर कुठे धाडायचे ते त्याला त्यावरूनच समजते. माहिती फुकट आणि हमखास मिळणारी, म्हणून फसवणूक रोखणारे आधी तिच्याकडे वळतात. एका पत्त्यावरून दहाच्या वर नवी खाती उघडली की ती अडवायची, हा नियम लिहायला पाच मिनिटे पुरतात.

नियम फसतो तो पत्त्यांच्या टंचाईमुळे. आयपीच्या चौथ्या आवृत्तीत सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी पत्ते आहेत, आणि जगाला ते केव्हाच कमी पडले. त्यामुळे मोबाइल कंपन्या बऱ्याच ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. एका वाड्यात अनेक बिऱ्हाडे असावीत आणि बाहेर नाव मात्र वाड्याचेच दिसावे, तसा हा प्रकार. आतल्या ग्राहकांसाठी 100.64.0.0 पासून 100.127.255.255 पर्यंतचे पत्ते २०१२ साली खास राखून ठेवण्यात आले. कोणते बिऱ्हाड कोणाचे, हे पोर्ट नावाच्या दुसऱ्या एका क्रमांकावरून ठरते. अनेक संकेतस्थळे आपल्या नोंदीत पत्ता आणि वेळ लिहितात, पोर्ट लिहीतच नाहीत. मग पुढे तपास निघाला, तरी त्या वेळी पत्ता नेमका कोण वापरत होता हे मोबाइल कंपनीलाही सांगता येत नाही.

उलट बाजूने पाहिले तर एकाच फोनचे पत्ते सारखे बदलतात. घरचे वायफाय सुटून मोबाइल डेटा लागला की पत्ता नवा. विमान मोड लावून काढला तरी बहुधा नवाच मिळतो. सहाव्या आवृत्तीत पत्त्यांना तोटा नाही, पण तिथे खासगीपणासाठी फोन स्वतःच पत्त्याचा मागचा अर्धा भाग अधूनमधून बदलत राहतो.

समजा, एका ॲपवर पहिल्या खरेदीला शंभर रुपयांची सूट आहे. एका वसतिगृहातल्या चाळीस मुलींनी संध्याकाळी एकाच वायफायवरून खाती उघडली. त्याच वेळी दुसरीकडे एक जण एकाच फोनवर ॲप काढतो, विमान मोड लावून उघडतो, ॲप पुन्हा टाकतो आणि नव्या सिमवर खाते उघडतो. असे चाळीस वेळा. पत्त्याच्या नियमाला मुलींची टोळी दिसते आणि त्या इसमाच्या जागी चाळीस निरनिराळे सज्जन दिसतात.

हेच प्रकरण फोनच्या खुणांवरून तपासले की चित्र पालटते. अँड्रॉइड ८ पासून प्रत्येक ॲपला त्या फोनवर एक वेगळा ओळखक्रमांक मिळतो आणि ॲप काढून पुन्हा टाकले तरी तो सहसा तोच राहतो. वसतिगृहात असे चाळीस क्रमांक निघतात. त्या इसमाच्या चाळीस खात्यांमागे एकच. तो बदलायचा तर फोन पूर्ण पुसून नव्याने सुरू करावा लागतो, आणि शंभर रुपयांसाठी एवढा खटाटोप दर वेळी परवडत नाही.

यूपीआयची बांधणी याहून पक्की आहे. नोंदणीच्या वेळी ॲप फोनमधल्या सिमवरून एक एसएमएस पाठवते आणि त्यावरून क्रमांक व फोन यांची गाठ मारली जाते. फोन किंवा सिम बदलले की ही गाठ पुन्हा मारावी लागते. पत्ता दिवसातून दहादा बदलला तरी तिला धक्का लागत नाही.

अर्थात फोनच्या खुणाही खोट्या पाडता येतात. संगणकावर नकली फोन चालवून हवा तो ओळखक्रमांक दाखवता येतो. म्हणून फोन अस्सल आहे का आणि ॲपमध्ये फेरफार झाला आहे का, याची ग्वाही कार्यप्रणालीकडून मागतात. ब्राउझरमध्ये पुरावा आणखी पातळ होतो: पडद्याचा आकार, भाषा, वेळक्षेत्र अशा खुणा जोडून ओळख बांधावी लागते, आणि एकाच मॉडेलचे दोन आयफोन तिथे जुळ्या भावांसारखे दिसतात.

पत्त्यावरून काढलेले ठिकाणही बेताच्याच भरवशाचे. सांगलीतल्या मोबाइलचा पत्ता मुंबईचा दिसू शकतो, कारण त्याची वाहतूक तिथून बाहेर पडते. अमेरिकेत मॅक्समाइंड या कंपनीच्या यादीत ज्या पत्त्यांचे ठिकाण देशापलीकडे कळत नव्हते, ते देशाच्या साधारण मध्यावर, कॅन्ससमधल्या एका शेतावर टाकलेले होते. असे साठ कोटींहून अधिक पत्ते तिथे साचले आणि इंटरनेटवरच्या गुन्हेगारांच्या शोधात पोलीस त्या शेतकरी घराच्या दारात येत राहिले. २०१६ साली बातमी छापून आल्यावर कंपनीने तो बिंदू एका तळ्यात हलवला.

तरीही पत्ता टाकून देत नाहीत. तो एखाद्या डेटा सेंटरचा निघाला, तर घरबसल्या खरेदी करणारे गिऱ्हाईक तिथून का यावे, हा प्रश्न रास्त ठरतो. कदाचित ते व्हीपीएन वापरत असेल. म्हणून एवढ्यावरून खाते न अडवता फोनची खूण पाहतात. फोन जुना, ओळखीचा असला तर व्यवहार पुढे जातो. तोही नवखा निघाला तर ओटीपी मागितला जातो.