फॉर्म सोळा हातात, रिटर्न आठवड्यात

नोकरदारांना आयकर विवरणपत्र लवकर भरायला सुचवणारे घोषवाक्य लिहिणे दिसते तितके सोपे नाही. या विषयावरची मराठी आपोआप सरकारी वळणावर जाते. आयकर विभागाच्या बोधचिन्हावरच ‘कोष मूलो दण्ड’ हे वचन आहे. त्यातल्या ‘दण्ड’ शब्दाचा मूळ रोख राज्यशासनाकडे असला, तरी मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे आधी पावतीच येते.

साधा पहिला खर्डा असा असतो : ‘३१ जुलैपूर्वी विवरणपत्र दाखल करा, दंड टाळा.’ यात चुकीचे काही नाही. नोकरदारांसाठी ३१ जुलै ही नेहमीची शेवटची तारीख असते आणि उशीर झाल्यास ५,००० रुपयांपर्यंत विलंब शुल्क लागते. एकूण उत्पन्न ५ लाखांपर्यंत असेल तर ते १,००० रुपयांपर्यंत असते. पण ‘दाखल करा’ आणि ‘टाळा’ या शब्दांमुळे वाक्याला नोटिशीचा सूर येतो. शिवाय तारीख सांगितली की वाचक तीच लक्षात ठेवतो आणि त्याच दिवशी कामाला बसतो. मुदतवाढीची आशाही असतेच. २०२५ मध्ये ही मुदत आधी १५ सप्टेंबरपर्यंत आणि मग आणखी एक दिवस वाढली, तेव्हा तारीख छापलेली घोषवाक्ये एका फटक्यात शिळी झाली.

दुसरा खर्डा आमिषाकडे वळतो : ‘लवकर भरा, लवकर रिफंड मिळवा.’ रिफंड सगळ्यांनाच मिळत नाही, मिळाला तरी तो किती दिवसांत येईल याची हमी घोषवाक्य देऊ शकत नाही. त्याहून मोठी अडचण अशी, की रिफंडच्या नावाने फसवे संदेश इतके येतात की हे वाक्य मोबाइलवर दिसताच सावध माणूस ते पुसून टाकतो.

तिसरा खर्डा गोड असतो : ‘वेळेत भरा, निश्चिंत राहा.’ त्याची कसोटी सोपी आहे. ‘भरा’च्या आधी वीजबिल, विम्याचा हप्ता किंवा शाळेची फी घालून पाहावी. वाक्य तसेच चालत असेल तर ते आयकराबद्दल काहीच सांगत नाही.

म्हणून आधी ‘लवकर’ म्हणजे कधी, हे ठरवावे लागते. एप्रिल हे त्याचे उत्तर नव्हे. जानेवारी ते मार्च या तिमाहीत कापलेल्या कराचा तपशील कंपन्या आणि बँका ३१ मेपर्यंत विभागाकडे पाठवतात आणि मालकाने फॉर्म सोळा १५ जूनपर्यंत द्यायचा असतो. त्याआधी भरलेल्या विवरणपत्रात आकडे जुळतीलच असे नाही. खरा काळ जूनच्या मध्यापासून सुरू होतो.

त्या काळात भरण्याचा फायदाही ठोस आहे. समजा, एका शिक्षिकेच्या मुदतठेवीच्या व्याजातून बँकेने ४,००० रुपये कर कापला, पण तो चुकीच्या पॅनवर नोंदला गेला. २० जूनला हे लक्षात आले, तर बँकेकडून दुरुस्ती करून घ्यायला जवळजवळ सहा आठवडे मिळतात. ३० जुलैला लक्षात आले तर एकच दिवस उरतो.

ऑफिसात या दिवसांत लोक एकमेकांना तारीख विचारत नाहीत. ‘फॉर्म सोळा आला का?’ असे विचारतात. घोषवाक्य त्याच प्रश्नाला जोडले की असे होते : ‘फॉर्म सोळा हातात, रिटर्न आठवड्यात.’ यात क्रियापद नाही, त्यामुळे हुकूमही नाही. ‘चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे’ या म्हणीसारखे दोन तुकडे एकमेकांना तोलून धरतात आणि ‘हातात–आठवड्यात’ हे यमक लक्षात राहते. ‘विवरणपत्र’ऐवजी ‘रिटर्न’ आल्यामुळे बोलणारा शेजारच्या टेबलावरचा सहकारी वाटतो. मुदत वाढली तरी वाक्य बदलावे लागत नाही.

याही वाक्याला मर्यादा आहेत. वर्षाच्या मध्यात नोकरी बदललेल्याला दोन फॉर्म सोळा मिळतात. एकच हातात घेऊन रिटर्न भरले तर अर्धा पगार दाखवायचा राहून जातो. ज्यांचा कर कापला गेला नाही त्यांना कदाचित फॉर्म मिळतही नाही. आणि रिटर्न भरल्यावर ३० दिवसांत त्याची पडताळणी केली नाही, तर वेळेत भरल्याचा उपयोग राहत नाही. या गोष्टी घोषवाक्यात कोंबल्या तर त्याचे पुन्हा परिपत्रक होते. त्यासाठी खाली बारीक अक्षरांत एक ओळ पुरते : ‘नोकरी बदलली असेल तर दोन्हीकडचे फॉर्म घ्या, भरल्यावर पडताळणी त्याच बैठकीत उरका.’