उण्याचं एक चिन्ह आणि ८३ अंशांचा फरक

परीक्षेच्या तोंडावर बारावीच्या क्लासचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप कसा दिसतो, हे ज्या घरात बारावी आहे तिथे सांगायला नको. वहीच्या पानांचे तिरपे फोटो, त्यावर मोबाइलचीच पडलेली सावली, कोपऱ्यात कुणाचा तरी अंगठा, आणि खाली ‘कोणाला आलं का?’ अशाच एका फोटोत बसेल असं हे एक गणित:

a = 2i + 3j − 6k
b = i + 2j + 2k

या दोन सदिशांमधला, म्हणजे व्हेक्टरमधला, कोन काढायचा आणि a चा b वरचा प्रक्षेप काढायचा. समजा, फोटोतलं पान मधोमध दुमडलेलं आहे आणि घडी नेमकी 6 च्या आधीच्या चिन्हावरून गेली आहे. चित्र कितीही मोठं केलं तरी ती अधिकाची खूण आहे की उण्याची, हे कळत नाही. ग्रुपवर मग दोन उत्तरं येतात: कुणाचा कोन १०१ अंश, कुणाचा १८. दोघांचीही आकडेमोड बिनचूक असते.

आधी उणे धरून गणित सोडवलेलं बरं. i, j, k या तीन एकमेकींना काटकोनात असलेल्या दिशा. सोयीसाठी पूर्व, उत्तर आणि वर असं समजावं. मग a म्हणजे पूर्वेला २, उत्तरेला ३ आणि खाली ६ एकक. b म्हणजे पूर्वेला १, उत्तरेला २ आणि वर २. डॉट प्रॉडक्ट काढताना पूर्वेचा आकडा पूर्वेच्या आकड्याशी, उत्तरेचा उत्तरेशी आणि उभा उभ्याशी गुणायचा आणि तिन्ही गुणाकारांची बेरीज करायची. २ गुणिले १ म्हणजे २, ३ गुणिले २ म्हणजे ६, उणे ६ गुणिले २ म्हणजे उणे १२. एकूण उणे ४. उत्तराला दिशा नाही, ती साधी संख्या आहे.

आता लांबी. a साठी ४, ९ आणि ३६ यांची बेरीज ४९, म्हणून लांबी ७. b साठी १, ४ आणि ४ मिळून ९, म्हणून लांबी ३. वर्गमूळं अशी गोळीबंद यावीत म्हणून प्रश्न काढणाऱ्याने आकडे मुद्दाम निवडलेले असतात, हे उघड आहे. मग सूत्र:

a·b = |a| |b| cos θ
cos θ = −4 / (7 × 3) = −4/21

कॅल्क्युलेटर याचा कोन सुमारे १००.९८ अंश देतो. इथवर सगळे पोचतात. पण तीन गुणाकारांच्या बेरजेला कोनाची बातमी लागते कशी, हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही, आणि वर्गातही तो बहुधा सूत्राच्या चौकटीखाली झाकला जातो.

उत्तर पायथागोरसपाशी आहे. दोन्ही सदिश एकाच बिंदूपासून काढले आणि त्यांची टोकं जोडली की त्रिकोण होतो. तिसरी बाजू म्हणजे a − b, अर्थात i + j − 8k. तिच्या लांबीचा वर्ग १ अधिक १ अधिक ६४, म्हणजे ६६. a आणि b यांच्यात काटकोन असता तर हा वर्ग ४९ अधिक ९, म्हणजे ५८ आला असता. प्रत्यक्षात तो ८ ने जास्त आहे. याचा अर्थ कोन ९० अंशांपेक्षा जास्त उघडला आहे आणि समोरची बाजू त्यामुळे लांबली आहे. आणि हे जास्तीचे ८ म्हणजे मघाच्या ४ ची बरोबर दुप्पट.

हा योगायोग नाही. तिसऱ्या बाजूचा वर्ग काढताना प्रत्येक दिशेत वजाबाकीचा वर्ग येतो, आणि शाळेतल्या (p − q)² = p² + q² − 2pq या विस्तारात शेवटचं पद गुणाकाराच्या उणे दुपटीचं असतं. तिन्ही दिशांमधले p² आणि q² गोळा केले की ५८ होतात. उरतात ते फक्त 2pq वाले तुकडे, म्हणजे डॉट प्रॉडक्टची दुप्पट. काटकोनाचा हिशेब या त्रिकोणात जेवढा हुकतो त्याच्या निम्मं म्हणजे डॉट प्रॉडक्ट. हुकला नाही तर शून्य, म्हणजे काटकोन. उणे आलं तर विशालकोन, अधिक आलं तर लघुकोन. वरचं कोसाइनचं सूत्र हे याच हिशेबाचं त्रिकोणमितीतलं रूप आहे.

गमतीचा भाग असा की ऐतिहासिकदृष्ट्याही या गुणाकाराचं उण्याशी जुनं भांडण आहे. हॅमिल्टनने १८४३ मध्ये डब्लिनला क्वाटर्नियन मांडले, त्यात i चा वर्ग उणे १ होता. त्यामुळे दोन सदिशांच्या गुणाकारातून हीच बेरीज बाहेर पडे, पण उलट चिन्ह घेऊन. येल विद्यापीठातल्या जोसिया विलर्ड गिब्ज यांनी विद्यार्थ्यांसाठी १८८१ आणि १८८४ मध्ये खासगीत छापलेल्या टिपणांमध्ये ती बेरीज स्वतंत्र गुणाकार म्हणून घेतली आणि ते उणं काढून टाकलं. त्यांच्या व्याख्यानांवरून एडविन विल्सन यांनी लिहिलेलं पुस्तक १९०१ मध्ये आलं, आणि i·i = 1 ही आज बारावीत शिकवली जाणारी रीत रूढ झाली.

प्रश्नाचा दुसरा भाग प्रक्षेपाचा. b च्या दिशेने एक सरळ रेषा आखली आणि तिच्याशी काटकोनात येणारा उजेड a वर पाडला, तर रेषेवर a ची जी सावली पडेल तिची लांबी म्हणजे a चा b वरचा प्रक्षेप. काटकोनाची अट महत्त्वाची. संध्याकाळच्या तिरप्या उन्हातली लांबलचक सावली इथे चालत नाही. खऱ्या प्रक्षेपाची लांबी मूळ सदिशापेक्षा कधीच जास्त होत नाही.

a चा b वरचा प्रक्षेप = (a·b) / |b| = −4/3

सगळ्यात जास्त गुण जातात ते इथे, आणि तेही भागाकारात. मुलं ३ ऐवजी ७ ने भागतात. तसं केलं तर उणे चार-सप्तमांश येतं. तोही प्रक्षेपच, पण b चा a वरचा. ज्याच्यावर सावली पडते त्याच्या लांबीने भागायचं, ज्याची पडते त्याच्या नाही. आणि उणे चिन्ह आलं म्हणून ते पुसून टाकायचं नाही. ते सांगतं की सावली b च्या टोकाकडे न पडता उलट्या बाजूला, आरंभबिंदूच्या मागे पडली आहे.

प्रश्नात सदिश प्रक्षेप मागितला असेल तर या संख्येला b ची दिशा द्यायची. त्यासाठी आणखी एकदा ३ ने भागून b ने गुणायचं:

p = −(4/9)(i + 2j + 2k)

उत्तर बरोबर आहे का, हे ताडून पाहायला पाठीमागची उत्तरसूची लागत नाही. a मधून p वजा करावा. उरतो (22i + 35j − 46k)/9. हा उरलेला तुकडा b ला काटकोनात असलाच पाहिजे. २२ अधिक ७० वजा ९२ बरोबर शून्य. जमलं. शून्य आलं नाही तर प्रक्षेप चुकला आहे.

आता त्या घडीकडे. चिन्ह अधिक धरलं तर बेरीज २ अधिक ६ अधिक १२, म्हणजे २०. cos θ होतो 20/21 आणि कोन १७.७५ अंश. त्रास असा की लांबी तपासून चूक सापडत नाही, कारण ६ चा वर्ग दोन्हीकडे ३६ आणि a ची लांबी दोन्हीकडे ७. कोसाइनही १ च्या आत आहे, त्यामुळे कॅल्क्युलेटर कुरकुर करत नाही. दोन्ही गणितं आपापल्या जागी निर्दोष आहेत, फक्त त्यांतलं एक वहीत नव्हतं. अशा वेळी फोटोच्या कडेला उत्तराचा एखादा तुकडा दिसत असेल तर उलटं चालता येतं. प्रक्षेप उणे चार-तृतीयांश दिला असेल तर बेरीज उणे ४ हवी. पहिली दोन पदं ८ देतात, म्हणून तिसरं उणे १२ असलंच पाहिजे. घडीखालचं चिन्ह सापडलं.

फोटोतली आकृती असेल तर तिच्यावर कोनमापक मात्र ठेवू नये. तीन मितींमधले बाण कागदावर काढतानाच त्यांचे कोन बदललेले असतात, आणि मोबाइल तिरपा धरला की आणखी बदलतात. दुसरा एक घोळ नेहमीचा: 3i − k असं लिहिलेलं असतं तेव्हा j चा आकडा शून्य असतो. तो न लिहिल्याने k चा उणे १ घाईत j च्या जागी जाऊन बसतो. तिसरा कॅल्क्युलेटरचा. तो रेडियनवर असेल तर १००.९८ च्या जागी १.७६ दाखवतो. उणे कोसाइनचा कोन ९० अंशांपेक्षा जास्त हवा, एवढं लक्षात असलं तरी हा आकडा खटकतो. आणि प्रश्नात ‘सदिशांमधला’ ऐवजी ‘रेषांमधला’ कोन असेल तर रेषेला पुढे-मागे नसल्यामुळे लघुकोन घेतात. तेव्हा उत्तर ७९.०२.

पुढे-मागे असण्याने काय बिघडतं, हे मुंबई विमानतळावर दिसतं. तिथली मुख्य धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. पश्चिमेकडे तोंड करून उतरताना तिचा क्रमांक २७, म्हणजे दिशा साधारण २७० अंश. वारा ‘३०० अंशांवरून, २० नॉट’ असा कळवला जातो; वारा कुठून येतो ते त्यात सांगतात. फरक ३० अंशांचा. धावपट्टीवरचा प्रक्षेप २० गुणिले cos 30°, म्हणजे १७.३ नॉट समोरून. प्रक्षेप काढून उरलेला काटकोनातला तुकडा १० नॉट, तो आडवा वारा. वैमानिकाला हे दोन आकडे वेगवेगळे लागतात, कारण विमानाच्या मर्यादाही समोरच्या, मागच्या आणि आडव्या वाऱ्यासाठी वेगवेगळ्या असतात.

तोच २० नॉटचा वारा २०० अंशांवरून आला तर फरक ७० अंशांचा: समोरून ६.८ आणि आडवा १८.८. १६० अंशांवरून आला तर फरक ११० अंशांचा. आडवा वारा तेवढाच, १८.८, पण प्रक्षेप उणे ६.८. वारा आता मागून ढकलतो आहे आणि त्याच विमानाला थांबायला जास्त धावपट्टी लागेल. मागून येणाऱ्या वाऱ्याची मर्यादा अनेक प्रवासी विमानांना १० किंवा १५ नॉट असते, म्हणून ६.८ अजून त्यात बसतं; वारा वाढून ३० नॉट झाला तर प्रक्षेप उणे १०.३ होतो आणि १० नॉटची मर्यादा असलेल्या विमानाला २७ क्रमांकाची धावपट्टी सोडावी लागते.