बांध जाड की बारीक?

दुसरबीडमधल्या शेताच्या गट नकाशाची पीडीएफ मोबाइलवर, ब्राउझरमध्ये आणि संगणकावरच्या रीडरमध्ये उघडली, तर तोच बांध एकीकडे ठसठशीत काळा आणि दुसरीकडे पुसट राखाडी दिसू शकतो. फाइल मात्र एकच असते.

पीडीएफमध्ये रेघेचे चित्र नसते, सूचना असते: या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत, इतक्या जाडीची रेघ ओढा. जाडी ०.१ पॉइंट धरू. एक पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग. इंचाला ९६ पिक्सेलच्या पडद्यावर, शंभर टक्के आकारात, ही रेघ जेमतेम ०.१३ पिक्सेल भरते. पिक्सेल तोडता येत नाही. मग एक प्रोग्राम अख्खा पिक्सेल काळा करतो, तर दुसरा त्याला तेरा टक्केच काळेपणा देतो. प्रामाणिक दुसराच, पण वाचता येतो पहिला! अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये बारीक रेघा ठळक करणारी `Enhance thin lines` ही खूण असते. ती काढली की त्याच रेघा फिकटतात.

कधी फाइलमध्ये नसलेली रेघही दिसते: पारदर्शक रंगछटा सपाट करताना तुकड्यांत कापली गेली असेल, तर सांध्यावर पांढरी रेघ उमटते. दोन्ही तुकडे सांध्यावरचा पिक्सेल अर्धा-अर्धा भरतात. पहिल्याने पन्नास टक्के झाकले, दुसऱ्याने उरलेल्याचे निम्मे, म्हणून पंचवीस टक्के कागद डोकावतो.

रेघ खरी की सांध्याची, याची खातरजमा करायची तर आकार आठपट करा. ०.१ पॉइंटची रेघ आता पिक्सेलभर होते, दोन्ही प्रोग्राममध्ये जवळपास सारखी दिसते. सांध्याची रेघ मात्र कितीही मोठे केले तरी केसाएवढीच राहते.